जेवणानंतरची साखर: बोटाची आणि शिरेची

परभणीच्या प्रयोगशाळेत तुम्ही नव्याने रुजू झाला आहात, म्हणून हे लिहितो. भाकरी खाऊन दीड तासाने आलेल्या रुग्णाची साखर ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोटाच्या रक्तात, १८६ आणि त्याच वेळी दंडाच्या शिरेतून घेतलेल्या प्लाझ्मात १६२ आली, तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. जेवणानंतर वाढलेल्या इन्सुलिनमुळे हाताचे स्नायू धमनीतून आलेल्या रक्तातील साखर शोषून घेतात आणि उरलेली साखर शिरेत उतरते. बोटाच्या केशवाहिन्यांतील रक्त मात्र धमनीच्या रक्ताला जवळचे असते, त्यामुळे तेथील आकडा चढा दिसतो. उपाशीपोटी हे शोषण कमी असल्याने दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, आणि नेमकी हीच तुमची पडताळणी आहे: उपाशीपोटीही मोठी तफावत दिसली, तर स्ट्रिप, न धुतलेले बोट (गुळाचा हात तर हमखास फसवतो) किंवा बराच वेळ तसाच पडलेला शिरेचा नमुना तपासा, कारण नळीतील रक्तपेशी साखर खात राहतात. मधुमेहाचे निदान मात्र शिरेच्या प्लाझ्मावरच करावे. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची २०० ही मर्यादा त्याच नमुन्यासाठी आहे. अहवालात नमुन्याचा प्रकार आणि जेवणाची वेळ न चुकता लिहा.