सवलत दिल्यावर ग्राहक मिळवण्याचा खर्च कधी वसूल होतो?

आपण वर्गणीचा व्यवसाय नव्याने सुरू करत आहात, म्हणून एक हिशेब आधीच मांडून पाहावा. समजा, एक ग्राहक मिळवण्यासाठी जाहिरात, विक्री प्रतिनिधीचे कमिशन वगैरे धरून १,२०० रुपये लागतात, मासिक वर्गणी ५०० रुपये आहे आणि सेवा पुरवण्याचा खर्च २०० रुपये आहे. वसुली नेहमी उरणाऱ्या ३०० रुपयांवरून मोजावी, ५०० वरून नव्हे. म्हणजे खर्च चार महिन्यांत भरून निघतो.

आता पहिले तीन महिने निम्म्या दराची सवलत द्या. वर्गणी २५० झाली तरी सेवेचा खर्च २०० च राहतो, त्यामुळे हातात उरतात जेमतेम ५० रुपये. सवलत निम्मी, पण नफ्यातली घट पाच षष्ठांश! तीन महिन्यांत १५० रुपये वसूल होतात आणि उरलेले १,०५० फिटायला आणखी साडेतीन महिने जातात.

हेही ग्राहक टिकला तरच. शंभरांपैकी तीस जण सवलत संपताच निघून गेले, तर त्यांचा न फिटलेला खर्च उरलेल्या सत्तर जणांवर पडतो आणि त्यानंतर एकही ग्राहक गळला नाही तरी वसुलीला पूर्ण आठ महिने लागतात. म्हणून सवलतीत आलेल्या आणि पूर्ण दराने आलेल्या ग्राहकांचे तक्ते वेगळे ठेवावेत. एकत्रित सरासरीत ही गळती दिसत नाही, आणि माझ्या मते चौथ्या महिन्याचे नूतनीकरण पाहिल्याशिवाय सवलत वाढवूच नये.