तक्ता आधी वाच, आकडे नंतर

तक्ता समोर आला की लगेच आकड्यांत शिरू नकोस. आधी शीर्षक, एकक आणि तळटीप वाच. जनगणनेचा साक्षरतेचा तक्ताच घे. त्यातली टक्केवारी सगळ्या लोकसंख्येची नसते, 7 वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांचीच असते. टक्के कशाचे, हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आता भारताचे आकडे बघ. 2001 मध्ये पुरुष 75.3, स्त्रिया 53.7, 2011 मध्ये 80.9 आणि 64.6. नवशिके हे चारही आकडे ओळीने लिहून काढतात आणि त्याला सारांश म्हणतात. तू आडवं-उभं वाचून फरक काढ. दोघांमधली दरी 21.6 वरून 16.3 वर आली. सारांशाचं वाक्य हेच: 'दोघांचीही साक्षरता वाढली, स्त्रियांची अधिक वेगाने, तरी दरी उरलीच.' ती का कमी झाली, हे मात्र तक्ता सांगत नाही, म्हणून कारणं त्यात घुसडू नकोस.

सर्रास होणाऱ्या दोन चुका:

- 'स्त्री-साक्षरता 11 टक्क्यांनी वाढली' असं लिहिणं. वाढ सुमारे 11 टक्केबिंदूंची आहे, म्हणजे दोन टक्केवाऱ्यांची थेट वजाबाकी; 53.7 च्या तुलनेत ती सुमारे 20 टक्के होते.
- आलेखाचा उभा अक्ष कुठून सुरू होतो ते न बघणं. तो 50 पासून काढला, तर स्त्रियांचा 2011 चा स्तंभ 2001 च्या जवळपास चौपट दिसतो. स्तंभालेखात आधी शून्य शोध.

सहसंबंध, p-मूल्य वगैरे पुढचं संख्याशास्त्र सध्या बाजूला ठेव.