गड्ड्याच्या यात्रेवर छोटं अ‍ॅनिमेशन करतोय, पण माझा खिलार बैल चालण्याऐवजी दुडक्या चालीत पळतोय असं वाटतं. पाय कोणत्या क्रमाने टाकू?

डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, हा क्रम धरा. दुडकी वाटते कारण बहुधा तुमचे तिरके दोन पाय एकदम टेकत आहेत. चालताना चारही पाय सुटे पडतात.

सेकंदाला 24 फ्रेम असतील तर 32 फ्रेमचं आवर्तन घ्या आणि याच क्रमाने 1, 9, 17, 25 वर खूर टेकवा. प्रत्येक खूर साधारण 20 फ्रेम जमिनीवर राहू द्या. कुठल्याही फ्रेमला थांबून बघा: दोन किंवा तीन खूर टेकलेले दिसायलाच हवेत.

मग फक्त खांदा आणि पुठ्ठा यांचे दोन गोळे हलवा. पुठ्ठा 3 व 19 च्या आसपास सर्वांत खाली, 11 व 27 ला वर. खांद्याचं बरोबर उलट. खरं वजन इथेच येतं, म्हणून हे जमेपर्यंत वशिंड, पोळी, शेपटी काढूच नका. मायब्रिज यांच्या 1887 च्या छायाचित्रमालिकांतही प्राण्यांच्या चालीत हाच क्रम पाहायला मिळतो.

मात्र गाडीला जुंपलेला, ओझं ओढणारा बैल असेल तर आवर्तन लांबवा आणि खूर आणखी जास्त वेळ टेकलेले ठेवा.