अहवालातला लाल रंग आणि तीन टक्क्यांचा परिच्छेद

प्रश्न : माझ्या सहा हजार शब्दांच्या पदव्युत्तर लघुप्रबंधात, इतर लेखनाशी जुळणारा मजकूर शोधणाऱ्या टर्निटिन प्रणालीच्या अहवालानुसार, २९ टक्के साम्य आले आहे. सर्वांत वरचा स्रोत लाल रंगाचा आणि १२ टक्क्यांचा आहे; खाली जांभळे, निळे, हिरवे असे पुष्कळ आहेत. सादर करायला आठ दिवस उरले आहेत. लाल मजकूर सगळा नव्याने लिहू का? अहवाल सोबत जोडला आहे.

उत्तर : लगेच लिहू नका. टर्निटिनमध्ये रंग दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा असतो. एकूण टक्केवारीजवळचा रंग प्रमाण दाखवतो. २५ ते ४९ टक्क्यांना पिवळा असतो, म्हणून तुमचा पिवळा आहे. मजकुरावरचे रंग मात्र केवळ ओळखीसाठी असतात. कोणता तुकडा कोणत्या स्रोताशी जुळला एवढेच ते सांगतात, त्यामुळे तेथे लाल म्हणजे गंभीर आणि हिरवा म्हणजे निर्धोक असे काही नसते.

तुमच्या लाल स्रोतापुढे ‘विद्यार्थ्याचे लेखन’ अशा अर्थाची नोंद आहे आणि संस्था तुमचीच आहे. जुळलेला भाग सलग दुसऱ्या प्रकरणातला आहे. ते प्रकरण तुम्ही आधी स्वतंत्रपणे तपासणीला दिले असेल, तर ही तुमचीच प्रत असण्याचा संभव मोठा आहे. तरीही मार्गदर्शकांना सांगून तो स्रोत वगळून घ्या आणि नवा आकडा पाहा. २९ मधून १२ गेल्यावर १७ उरले, तर तो भाग तुमचाच आहे असे मानायला हरकत नाही. आकडा २१ वर थांबला, तर मात्र जपून पाहा. बेरजेत एका तुकड्यासाठी एकच, सहसा सर्वांत मोठा जुळणारा स्रोत धरला जातो. तो बाजूला केला की त्याच्याखाली झाकलेले स्रोत वर येतात. म्हणजे जुन्या प्रतीतच दुसऱ्याचे सुमारे २४० शब्द होते आणि तुमच्याच प्रतीने ते झाकून ठेवले होते, असा त्याचा अर्थ होईल. सर्वांत जास्त फसगत येथेच होते.

संदर्भसूचीतल्या ५ टक्क्यांत बदल करण्यासारखे काही नाही. ग्रंथनामे आणि लेखकांची नावे जुळलीच पाहिजेत. आणखी ९ टक्के तीसहून अधिक स्रोतांत विखुरलेले आहेत. ‘या अभ्यासाचा मुख्य उद्देश’ किंवा प्रश्नावलीचे प्रमाणित नाव अशा तुकड्यांवर प्रत्येकी वेगळा रंग आहे आणि ते पानोपानी एकेकटे पडले आहेत. त्यांचे शब्द बदलायला गेलात, तर वाक्ये बिघडतील आणि हाती काहीच लागणार नाही.

खरी अडचण नवव्या पानावर आहे. तेथे एका नियतकालिकातल्या लेखाचा, जेमतेम ३ टक्क्यांचा, जांभळा स्रोत आहे. म्हणजे सुमारे १८० शब्द, आणि सगळे एकाच परिच्छेदात. जांभळ्या पट्ट्यांच्या मधे एक-दोन शब्दांची कोरी बेटे राहिली आहेत. त्यातल्या वाक्याचा साचा मराठीत मांडून दाखवतो. मूळ लेखात ‘नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वेळेचे नियोजन हे घरकामाच्या वाटणीवर अवलंबून असते’ असे असेल, तर तुमच्याकडे ‘नोकरदार महिलांच्या वेळेचे नियोजन हे घरकामाच्या विभागणीवर अवलंबून असते’ असे आहे. रंग न लागलेले शब्द म्हणजे तुम्ही बदललेले समानार्थी शब्द; वाक्याची बांधणी आणि मुद्द्यांचा क्रम मात्र लेखाचाच राहिला आहे. परिच्छेदाच्या शेवटी तुम्ही लेखकाचा संदर्भ दिला आहे, हे मी पाहिले. त्याने विचाराचे श्रेय मिळते, पण शब्दरचना उसनी आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. अवतरणचिन्हे नसल्यामुळे ती तुमचीच समजली जाते.

हा परिच्छेद दुरुस्त करताना पुन्हा शब्द बदलत बसू नका. लेख बंद करून ठेवा, त्या लेखकाने काय दाखवले आणि तुमच्या अभ्यासाशी त्याचा काय संबंध आहे हे तीन-चार वाक्यांत आठवून लिहा, आणि मग तपशील मूळ लेखाशी ताडून पाहा. एखादे वाक्य जसेच्या तसे हवेच असेल, तर तेवढेच अवतरणात घेऊन पृष्ठक्रमांक द्या.

ठरावीक शब्दसंख्येपेक्षा लहान जुळण्या वगळण्याची सोय वापरण्याची घाई मात्र करू नका. ती विखुरलेले तुकडे काढून टाकते, हे खरे. पण तुमच्या जांभळ्या पट्ट्याही पाच-सहा शब्दांच्याच आहेत, त्यामुळे मर्यादा दहा शब्दांची ठेवली तर तो परिच्छेद अहवालात स्वच्छ दिसेल आणि लेख वाचलेल्या परीक्षकाला मात्र तो ओळखू येईल. आधी नववे पान लिहून काढा, मग दुसऱ्या प्रकरणाची जुनी प्रत कोणत्या दिवशी दिली होती याची नोंद घेऊन मार्गदर्शकांना भेटा.