झेंडूसाठी वर्षाचा गाळा घेण्याआधी

भाऊ, दसऱ्याची गर्दी पाहून जळगावात वर्षभराचा गाळा घेऊ नकोस. माझ्या पहिल्या दसऱ्याचा हिशेब ऐक. 100 किलो झेंडू 60 रुपयांनी घेतला, 6000 गेले. दुपारपर्यंत 60 किलो 100 रुपयांनी विकला, म्हणजे नुसतं मुद्दल सुटलं. नफा सगळा उरलेल्या 40 किलोंत होता. पण दारांना तोरणं लागली की गिऱ्हाईक संपतं. त्यातला 15 किलो 40 रुपयांनी गेला, बाकीचा देठाकडून काळा पडला. आलेले 600 गाडीभाड्यात गेले.

माल घेताना क्रेटमध्ये मनगटापर्यंत हात घाल. आत ऊब लागली तर फूल ओलं किंवा दाबून भरलेलं आहे. वरून कितीही टवटवीत दिसलं तरी घेऊ नकोस.

कानबाई, गणपती, दसरा, दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर गल्ला थंड असतो, भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं. गाळा घ्यायचाच तर केळीच्या वेफर्ससाठी घे. कच्ची केळी आपल्याकडे बारा महिने मिळतात, आणि न खपलेलं पाकीट संध्याकाळी उकिरड्यावर टाकावं लागत नाही. फुलांना सणापुरती हातगाडी पुरे, तीही पहिल्या वर्षी 50 किलोच माल घेऊन.