‘पाच लाखांवर पाच टक्के’ आणि टप्प्याची थैली

प्रश्न: “माझ्या नेमणूकपत्रात कमिशन असं आहे: दोन लाखांपर्यंत २ टक्के, पाच लाखांपर्यंत ३ टक्के, पाच लाखांवर ५ टक्के. मी ५ लाख २० हजारांचा माल विकला, मिळाले १४ हजार. २६ हजार नको होते का? आणि ‘स्लॅब’ला मराठीत काय म्हणायचं?”

सगळा घोळ त्या ‘वर’ने घातलाय. ‘मुद्दलावर व्याज’ यातला ‘वर’ वेगळा आणि ‘शंभरावर माणसं जेवली’ यातला वेगळा. तुमच्या पत्रातला हा दुसरा आहे, म्हणजे पाच लाखांच्या पलीकडे जे गेलं, तेवढ्यालाच ५ टक्के. पहिल्या दोन लाखांचे ४ हजार, पुढच्या तीन लाखांचे ९ हजार, उरलेल्या २० हजारांचे १ हजार. झाले १४.

‘स्लॅब’ला टप्पा म्हणा. काही भाषाशुद्धीवाले ‘स्तर’ सुचवतात, तो मला अजिबात पटत नाही. स्तर एकावर एक रचलेले असतात, त्यात चाल नाही. टप्प्यात आहे! पूर्वी डाक पायी जायची तेव्हा दोन ठाण्यांमधल्या पल्ल्याला टप्पा म्हणत. हरकारा आपला टप्पा धावायचा, थैली पुढच्याच्या हाती द्यायचा आणि त्याचं काम संपायचं. पुढचा कितीही चपळ असो, मागचा रस्ता काही तो पुन्हा धावत नसे. ५ टक्क्यांचा दर म्हणजे हा तिसरा हरकारा. त्याची धाव पाच लाखांच्या ठाण्यापासून सुरू होते. माझ्या मते ‘टपाल’ही याच टप्प्यातून आलं. त्याला उगाच परदेशी मूळ चिकटवणाऱ्यांनी शब्दांचे नुसते आवाज जुळवलेत, त्या रस्त्याने डाक कशी जायची ते पाहिलेलंच नाही.

म्हणूनच ‘स्लॅब बदलला, आता सगळ्यावर ५ टक्के’ हे कानावर पडलं की चिडचिड होते. आयकराबद्दलही लोक हेच बोलतात. सगळ्या विक्रीला वरचा दर लावायची पद्धत असते, नाही असं नाही, पण मग त्याला टप्पा म्हणू नका. फरक ओळखायचा तर हद्दीवरची रक्कम घ्या. सगळ्यावर दर लागत असेल तर पाच लाखांना १५ हजार आणि त्यावर एक रुपया जास्त विकला की २५ हजार. टप्प्याने मोजलं तर त्या रुपयाचे पाच पैसे.

माल परत आला की हाच फरक उलटा बसतो. तुमच्या ५ लाख २० हजारांतला २५ हजारांचा माल गिऱ्हाइकाने परत केला, तर टप्प्याच्या हिशेबात तुमचे १,१५० रुपये जातात. सगळ्यावर दर असता, तर २६ हजारांचे १४,८५० झाले असते.

पत्र सुधारून घेणार असाल, तर ‘पाच लाखांवर’ खोडून ‘पाच लाखांच्या वरच्या रकमेला’ असं लिहून घ्या.