कांद्याच्या मुळाची स्लाइड: एकाच फोटोत दोघींच्या पेशी वेगवेगळ्या का भरतात

*प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड केली आणि मोबाइलने आयपीसमधून फोटो काढला (सोबत जोडलाय). त्याच फोटोत मी १५८ पेशी मोजल्या, त्यातल्या ३१ विभाजनात. मैत्रिणीने १२७ मोजल्या, त्यातल्या १४ विभाजनात. कुणाचं बरोबर? आणि जर्नलमध्ये ‘वर्णन’ म्हणून नेमकं काय लिहायचं?*

फोटो मोठा करून मी दोनदा मोजला. दोन्ही वेळा एकूण पेशी १२० आणि विभाजनातल्या १८ आल्या. तुम्हा दोघींची नजर चांगली आहे. फरक पडलाय तो मोजण्याआधी नियम न ठरवल्यामुळे. ज्युनियर कॉलेजात बरीच वर्षं हेच प्रॅक्टिकल घेतलंय, आणि दरवर्षी एकाच स्लाइडवरून शेजारी बसलेल्या दोन मुलांचे आकडे वेगळे यायचे. तुझा १५८ हा आकडा १२० पर्यंत कसा उतरतो ते क्रमाने सांगतो, म्हणजे प्रत्येक नियम कशासाठी आहे ते कळेल.

पहिली गोष्ट कडेची. फोटोच्या चारही कडांवर अर्धवट कापलेल्या पेशी आहेत आणि तू त्या सगळ्या धरल्यास. सगळ्या धरल्या तर आकडा फुगतो, सगळ्या सोडल्या तर कमी पडतो. रक्तपेशी मोजणारे लोक यावर एक साधा नियम वापरतात: वरच्या आणि डाव्या कडेला टेकलेल्या पेशी मोजायच्या, खालच्या आणि उजव्या कडेला टेकलेल्या सोडायच्या. शेजारचं क्षेत्र याच नियमाने मोजलं, तर सीमेवरची कुठलीही पेशी एकदाच मोजली जाते. तुझा मूळ फोटो गोल होता आणि तू त्यातला मोठ्यात मोठा चौकोन कापून घेतलास, ते बरोबर केलंस. मोजायचं त्याच्या आतच. त्याच्या खालच्या आणि उजव्या कडेला टेकलेल्या मिळून १७ पेशी गेल्या. त्यातली एक मध्यावस्थेतली होती. ती छान दिसतेय म्हणून आत घ्यायचा मोह होईल, तो टाळ.

दुसरी गोष्ट केंद्रक न दिसणाऱ्या पेशींची. तुझ्या फोटोत अशा ९ आहेत. पेशीभित्तिका स्पष्ट आहे, पण आत नुसता फिकट गुलाबी रंग. त्या पेशींना केंद्रक आहेच. ते फोकसच्या पातळीच्या वर किंवा खाली राहिलंय, किंवा तिथपर्यंत रंग नीट पोचला नाही. अशी पेशी विभाजनात आहे की नाही हे सांगताच येत नाही, म्हणून ती एकूण संख्येतही धरायची नाही. नाहीतर न दिसलेल्या पेशी आपण नकळत ‘विभाजन न होणाऱ्या’ खात्यात टाकतो आणि टक्केवारी खोटी पडते.

तिसरी, डावीकडे वर पेशींचा ढीग झालाय. तिथे कव्हर स्लिपवरचा दाब कमी पडला आणि पेशी एकीवर एक चढल्यात. दोन केंद्रकं एकमेकांवर आली की ती गडद दिसतात आणि हमखास पूर्वावस्था वाटतात. तिथल्या ८ पेशी मी सोडल्या. ढीग सोडला तर ‘ढीग सोडला’ असं जर्नलमध्ये लिहून टाक.

उरल्या चार, आणि तुझा-मैत्रिणीचा खरा मतभेद इथेच असावा. अंत्यावस्थेतल्या ४ पेशी तू दोन-दोन म्हणून मोजल्यास. माझा नियम असा: दोन केंद्रकांच्या मध्ये नवी भित्तिका या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पूर्ण झाली असेल आणि दोन्ही केंद्रकं पुन्हा गोल, दाणेदार दिसत असतील, तर त्या दोन वेगळ्या पेशी, आणि त्या विभाजनात नाहीत. भित्तिका अर्धवट असेल किंवा केंद्रकं अजून आखूड, गडद पट्ट्यांसारखी असतील, तर ती एकच पेशी, अंत्यावस्थेतली. तुझ्या चारही दुसऱ्या प्रकारच्या आहेत. मैत्रिणीच्या १४ या आकड्यावरून वाटतं की तिने या चौघींना विभाजनातच धरलं नाही. तिला विचारून बघ.

१५८ मधून १७, ९, ८ आणि ४ वजा केले की १२० उरतात.

आता तुझ्या ३१ कडे. त्यात अंत्यावस्थेच्या जादा मोजलेल्या ४ आहेत आणि कडेवरची ती एक मध्यावस्था. उरलेल्या ८ म्हणजे गडद दिसतात म्हणून तू पूर्वावस्थेत टाकलेली केंद्रकं. या प्रॅक्टिकलमधली सगळ्यात अवघड जागा हीच आहे, आणि इथे मोठ्या माणसांचंही एकमत होत नाही. इंटरफेजमधून पूर्वावस्थेत जाताना पेशी कुठली उडी मारत नाही. धागे हळूहळू आखूड आणि जाड होत जातात, म्हणून रेघ आपल्यालाच ओढावी लागते. नुसता गडदपणा ही खूण नव्हे, कारण अॅसिटोकार्माइन एका भागात जास्त आणि दुसऱ्या भागात कमी चढतं. केंद्रकी दिसते का, यावरही विसंबू नकोस, ती सुरुवातीच्या पूर्वावस्थेतही दिसू शकते. मी मुलांना एकच कसोटी देत असे: केंद्रकातला एखादा धागा थोडं अंतर तरी वेगळा असा नजरेने पकडून पुढे जाता येतं का? येत असेल तर पूर्वावस्था, नुसते दाणे दिसत असतील तर इंटरफेज. या कसोटीवर तुझ्या फोटोत पूर्वावस्था ९ ठरतात आणि त्या ८ परत इंटरफेजमध्ये जातात. उरलेल्यांत मध्यावस्था ३, पश्चावस्था २, अंत्यावस्था ४. एकूण १८.

त्या ३ मध्यावस्थांपैकी एक तुम्ही दोघींनी बहुधा पूर्वावस्था समजलात. फोटोच्या मध्याच्या जरा उजवीकडे गडद चांदणीसारखा आकार आहे, तो बघ. पुस्तकातल्या चित्रात गुणसूत्रं मधोमध एका रांगेत असतात, कारण ते चित्र बाजूने काढलेलं असतं. तीच चकती वरून पाहिली तर कडं किंवा चांदणी दिसते. ओळखायची खूण म्हणजे गुणसूत्रांची टोकं बाहेरच्या बाजूला मोकळी लोंबतात आणि त्यांच्याभोवती केंद्रकाची गोल कड उरलेली नसते. पूर्वावस्थेत धागे एका गोलातच मावलेले असतात. फोटोत ठरत नसेल तर स्लाइडवर परत जा आणि फाइन अॅडजस्टमेंट हळू फिरवत बघ. फोटोत एकच पातळी पकडली जाते. कांद्याची गुणसूत्रं १६ असतात, पण शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दाबलेल्या पेशीत ती सोळाच्या सोळा सुटी मोजता येतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. मोजता आली नाहीत तर ‘१६ दिसली’ असं लिहूही नकोस.

१८ भागिले १२० गुणिले १००, म्हणजे विभाजन निर्देशांक १५ टक्के. तुझ्या आकड्यांवरून तो जवळपास २० येत होता, मैत्रिणीचा ११.

आता हा १५ किती भरवशाचा? १२० पेशींच्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने साधारण साडेसहा टक्के वर-खाली होऊ शकतं. म्हणजे त्याच मुळाचा दुसरा तुकडा पाहिला तर ९ किंवा २१ टक्के आले तरी नवल नाही. तुमचे दोघींचे आकडेही या पट्ट्यातच पडतात, पण त्याचा आधार घेऊन ‘दोन्ही चालतील’ म्हणू नकोस. योगायोगाचा फरक वेगवेगळे तुकडे पाहिल्याने येतो. तुम्ही दोघींनी फोटो एकच पाहिला, म्हणून तुमच्यातला फरक पूर्णपणे नियमांचा आहे आणि तो नियम ठरवून जवळजवळ शून्यावर आणता येतो. योगायोगाचा फरक मात्र जास्त पेशी मोजूनच कमी होतो. अशी चार क्षेत्रं मिळून ४८० पेशी मोजल्यास तर साडेसहाचे साधारण सव्वातीन होतील.

ही क्षेत्रं निवडताना एक काळजी घे. सगळेजण स्लाइड फिरवत राहतात आणि सुंदर पश्चावस्था दिसली की तिथे थांबून फोटो काढतात. असा फोटो जर्नलच्या चित्रासाठी ठीक, पण मोजणीसाठी नाही, कारण जिथे विभाजन जास्त तीच जागा आपण आधी निवडलेली असते. मोजणीसाठी कमी वर्धनावर मुळाच्या टोकाजवळचा, लहान चौकोनी पेशींचा भाग शोध. मग मोठं ऑब्जेक्टिव्ह लावून, विभाजन दिसतंय की नाही हे न बघता, ठरावीक अंतर सरकत फोटो काढ. लांबट पेशी दिसू लागल्या की तू विभाजनाच्या पट्ट्याबाहेर, वाढीच्या भागात गेलीस. त्या पेशी मिसळल्या की टक्केवारी उगाच घसरते. फोटोवर मोजताना प्रत्येक पेशीवर ठिपका दे, प्रत्येक अवस्थेचा रंग वेगळा, म्हणजे दुसऱ्याला तुझी मोजणी तपासता येईल.

वर्णनात माप हवंच, आणि ‘४५० पट’ एवढं लिहून भागत नाही, कारण मोबाइलवर फोटो ओढून मोठा केला की त्या आकड्याला अर्थ राहत नाही. पारदर्शक पट्टी स्टेजवर ठेव आणि १०च्या ऑब्जेक्टिव्हमधून क्षेत्राचा व्यास किती मिलिमीटर भरतो ते बघ. समजा १.८ मिमी आला. मग ४५च्या ऑब्जेक्टिव्हखाली व्यास १.८ × १० ÷ ४५, म्हणजे ०.४ मिमी, अर्थात ४०० मायक्रोमीटर. तुझ्या मूळ गोल फोटोत मधून जाणाऱ्या सरळ ओळीत १६ पेशी बसतात. वर्धन हेच धरलं तर एका पेशीची सरासरी लांबी २५ मायक्रोमीटर येते. तुझ्या सूक्ष्मदर्शकावर हे आकडे तपासून घे.

वर्णन आधी दिसलं ते, मग त्यावरून काढलेला अर्थ, या क्रमाने लिही. ‘पेशी निरोगी आहेत’, ‘मूळ वेगाने वाढतंय’ ही वाक्यं फोटोत दिसत नाहीत. तुझ्या फोटोसाठी मी असं लिहिलं असतं:

‘पेशी चौकोनी ते किंचित आयताकृती, ओळींत रचलेल्या, सरासरी लांबी सुमारे २५ मायक्रोमीटर. पेशीभित्तिका पातळ व स्पष्ट, पेशीद्रव फिकट गुलाबी, मोठ्या रिक्तिका दिसत नाहीत. बहुतेक पेशींत केंद्रक गोल, मध्यभागी, दाणेदार, लाल रंगाचे, पेशीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक. मोजलेल्या १२० पेशींपैकी १८ विभाजनात: पूर्वावस्था ९, मध्यावस्था ३ (पैकी १ वरून दिसणारी), पश्चावस्था २, अंत्यावस्था ४. केंद्रक न दिसणाऱ्या ९ व ढिगातील ८ पेशी वगळल्या. खालच्या व उजव्या कडेला टेकलेल्या पेशी मोजल्या नाहीत.’

फोटोत खाली डावीकडे जाड काळ्या कडेचे दोन अगदी गोल आकार आहेत, ते हवेचे बुडबुडे. त्यांना नावं देऊ नकोस. मैत्रिणीला हे नियम वाचून दाखव आणि तिला तोच फोटो, तुझे ठिपके न दाखवता, पुन्हा मोजायला सांग. तिचा आकडा १२० च्या दोन-तीन पेशी इकडेतिकडे आला नाही, तर कुठल्या पेशीवर तुमचं जुळत नाही ते खूण करून इथे टाक, मी बघतो.